गोंगाट वजा, बोलणं शिल्लक

इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टचा सारांश बहुधा दोन वाक्यांत आटोपतो: ‘अडॅप्टिव्ह फिल्टर वापरून ध्वनिमुद्रित बोलण्यातला गोंगाट कमी केला. आवाज अमुक डेसिबलने सुधारला.’ पण हा फिल्टर बोलणं ओळखतो कसं? खरं तर तो ते ओळखतच नाही. त्याला ओळख असते ती फक्त गोंगाटाची, आणि तीही आपण करून दिली तरच.

त्यासाठी दोन माइक लागतात. पहिला बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ असतो. त्यात बोलणं येतं आणि पंख्याची घरघरही येते. दुसरा पंख्याजवळ ठेवतात, म्हणजे त्यात जवळपास फक्त घरघर येते. हा झाला संदर्भ. एकातून दुसरा सरळ वजा करून मात्र भागत नाही, कारण पंख्याचा आवाज दोन्ही माइकांत सारखा नसतो. पहिल्या माइकपर्यंत तो थोडा उशिरा, थोडा क्षीण होऊन आणि भिंतींवर आपटून पोहोचतो. हा बदल किती झाला, ते शोधून काढणं हेच फिल्टरचं काम.

ते शोधण्याची सोपी रीत बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी स्टॅनफर्डमध्ये 1960 च्या सुमारास मांडली. तिला एलएमएस म्हणतात. तिचा गाभा एका ओळीत मावतो:

```
w = w + mu*e*x
```

इथे `x` हा संदर्भ, `w` हा त्याला लावायचा गुणक आणि `e` म्हणजे वजाबाकीनंतर उरलेला आवाज. `mu` म्हणजे दर वेळी किती मोठं पाऊल टाकायचं ते.

समजा संदर्भात घरघर 2 इतकी आहे, मुख्य माइकमध्ये ती 1 इतकी आहे आणि कोणी बोलत नाही. गुणक 0.5 यायला हवा, पण सुरुवात 0 पासून आहे. `mu` 0.1 धरला, तर पहिल्या वेळी 1 उरतो आणि गुणक 0.2 होतो. पुढच्या वेळी 0.6 उरतो, मग 0.36. असं करत फिल्टर 0.5 जवळ येतो. आता `mu` 0.6 करून पाहा. उरलेला आवाज 1, मग उणे 1.4, मग 1.96 असा वाढतच जातो. घाई केली की फिल्टर गोंगाट घालवण्याऐवजी स्वतःच गोंगाट करू लागतो.

मधेच कोणी बोललं तर? `e` मध्ये बोलणंही येतं, पण त्याचा पंख्याच्या घरघरीशी काही मेळ नसतो. त्यामुळे `e` आणि `x` यांचा गुणाकार कधी गुणकाला वर ढकलतो, कधी खाली, आणि सरासरीत ते धक्के एकमेकांना खोडतात. गुणक घरघरीचाच माग काढत राहतो आणि बोलणं शाबूत उरतं. पाऊल लहान ठेवण्याचं हे दुसरं कारण, कारण पाऊल मोठं असेल तर हे धक्के बोलण्यातच थरथर आणतात.

प्रत्यक्षात एक गुणक पुरत नाही. सेकंदाला 8000 नमुने घेतले, तर एका नमुन्याच्या काळात ध्वनी सुमारे 4.3 सेंटिमीटर जातो. 64 गुणकांचा फिल्टर म्हणूनच जेमतेम पावणेतीन मीटरच्या वाटेचा हिशेब ठेवतो. भिंतींवरून त्याहून उशिरा परतणारे पडसाद त्याच्या हाती लागत नाहीत.

विड्रो आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये छापलेल्या प्रयोगात विमानाच्या कॉकपिटसारखा गोंगाट एका खोलीत निर्माण केला होता. फिल्टरला गुणक होते अवघे 16. तरीही गोंगाट 20 ते 25 डेसिबलने उतरला, म्हणजे त्याची शक्ती शंभर ते तीनशे पटींनी घटली. त्या गोंगाटात एक ठरावीक सूर होता, हेही या यशामागचं एक कारण. असा सूर थोड्या गुणकांत पकडता येतो, बाजारातला कल्लोळ येत नाही.

मिनी प्रोजेक्टमधला आकडा वाचताना म्हणूनच आधी विचारावं, की संदर्भ कुठून आणला? अनेकदा स्वच्छ बोलण्यात संगणकावर गोंगाट मिसळतात आणि तोच गोंगाट संदर्भ म्हणून फिल्टरला देतात. तिथे शोधायला फक्त एक गुणक असतो, त्यामुळे निकाल झकास येतो. खऱ्या खोलीत तो टिकेलच असं नाही.

खोलीत दुसरा धोकाही असतो: संदर्भाच्या माइकमध्ये बोलणं झिरपतं. मग फिल्टर गोंगाटाबरोबर बोलणंही कापतो. हे पकडायची युक्ती सोपी आहे. स्वच्छ झालेला आवाज बाजूला ठेवून फिल्टरने वजा केलेला भाग ऐकावा. त्यात नुसती घरघर असेल तर काम ठीक चाललंय. शब्द ऐकू आले तर माइक एकमेकांपासून दूर न्यावेत, किंवा माणूस बोलत असताना गुणक बदलणं थांबवावं.

आणि ध्वनिमुद्रण एकाच माइकचं असेल तर? त्याच ध्वनिमुद्रणाची किंचित मागे सरकवलेली प्रत संदर्भ म्हणून वापरता येते. विजेचा एकसुरी गुणगुणाट त्याने जातो, कारण तो पुढच्या क्षणीही तसाच असतो. कुकरची अवचित शिट्टी मात्र सुटून जाते. ती सुरू होण्याआधीच्या आवाजात तिचा मागमूसही नसतो, आणि संदर्भात जे नाही ते हा फिल्टर वजा करू शकत नाही.