पसरणीच्या घाटात पडलेली सायकल

पहाटे ४:३०. कात्रजला टेम्पोच्या मागच्या फळीवर हत्यारांची पेटी उघडी ठेवून बसलो आहे. दिवाळीनंतर पुणे–महाबळेश्वर सायकलवाऱ्या सुरू होतात आणि अशा टोळीमागे गाडीतून जाणारा मिस्त्री म्हणजे मी. निघण्याआधी प्रत्येक सायकलचे दोन फोटो काढतो, एक उजव्या बाजूने आणि एक समोरून. कोणी पडले तर कुठला ओरखडा आजचा आणि कुठला गेल्या वर्षीचा, याची नंतर नेहमी वादावादी होते. फोटो असला की ती मिटते.

७:१५. शिरवळ. चहाच्या टपरीच्या खांबाला टेकवलेली एक सायकल आपसूक आडवी झाली. तिच्यावर कोणी बसलेले नव्हते, वेग शून्य. मालकाने उचलली, धूळ झटकली, "काही नाही झालं," म्हणाला. पण ती उजव्या अंगावर, म्हणजे साखळीच्या बाजूला पडली होती. मागे उभा राहून पाहिले तर डिरेलर खालून आत वळलेला. तो ज्या छोट्या पत्र्याला टांगलेला असतो, तो हँगर मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे आघात झाला की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पण वाकलेला हँगर घेऊन कोणी घाटात सर्वांत हलका गिअर टाकला, तर डिरेलर तारांत शिरतो आणि मागचे चाक जागीच आवळते. जपून सरळ केला आणि मोठ्या चकतीवर साखळी नेऊन तारांपासूनचे अंतर पाहिले. "पुण्यात गेल्यावर नवा बसव, एकदा वाकलेला पुन्हा लवकर वाकतो," असे बजावून सोडले. पाच मिनिटांचे काम.

९:५०. वाई मागे टाकून पसरणीचा घाट निम्मा चढलो असू. समोरून ओव्हरटेक करणारी मोटार आली, म्हणून आमच्यातल्या एका ताईंनी सायकल डावीकडे दाबली. पुढचे चाक डांबराच्या कडेवरून घसरून सिमेंटच्या गटारात उतरले आणि मोरीच्या कडेला जाऊन ठोकले. चढावर वेग तो किती, ताशी ८-९ किलोमीटर. सायकल जागीच थांबली, हँडल फिरले, त्या डाव्या अंगावर पडल्या.

आधी माणूस. खाली बसवून हेल्मेट पाहिले, डोके आपटलेले नव्हते. मान, खांदा आणि हासळीचे हाड दाबून पाहिले. कोपर सोलवटले होते, बाकी ठीक. पडल्यावर दहा मिनिटे अंगात जो जोर येतो, त्याच्या भरात माणूस सायकल उचलून निघायला बघतो. त्या दहा मिनिटांत मी कोणाला सायकलला हात लावू देत नाही.

"काका, फक्त टेप फाटलीये. निघते मी."

"पाणी प्या ताई, तोवर बघतो."

१०:०० ते १०:४०. ओरखडे तिघाचौघांनी आधीच दाखवले होते: हूडवर, पेडलवर आणि सीटच्या डाव्या कडेला. ते पाहायला मिस्त्री लागत नाही. ओरखडा म्हणजे जिथे जमीन लागली ती जागा. मला हवी असते ती धक्का पुढे जाऊन थांबला ती जागा, आणि ती बहुतेक वेळा ओरखड्यापासून हातभर लांब असते. इथे धक्के दोन होते. पहिला समोरून, चाकातून चिमट्यात आणि चिमट्यातून फ्रेमच्या डोक्यात. दुसरा डावीकडून, हूडमधून हँडलमध्ये. दोन्हींचा माग वेगवेगळा काढायचा.

सायकल डावीकडे पडल्यामुळे साखळीची बाजू सुटली. तिकडे एक नजर टाकून पुढे आलो.

चाक फिरवले तर ब्रेकच्या रबरांमधून जाताना रिम डावीकडे चिकटत होती. आता चिमटा वाकला की चाक? याचे उत्तर रस्त्यावरही मिळते. पकड ढिली करून, सायकल जमिनीवर सरळ उभी धरून चाक पुन्हा नीट बसवले, कारण खाचेत तिरके बसलेले चाक हुबेहूब वाकलेल्या चिमट्यासारखे दिसते. फरक तरीही राहिला. मग चाक काढून उलटे बसवले, डावी बाजू उजवीकडे. चिमट्याचा दोष असता तर रिम अजूनही डावीकडेच झुकली असती. ती उजवीकडे झुकली. म्हणजे दोष चाकात. तारा आवळून-ढिल्या करून आऊट काढला. रिमच्या कडेला पोचा नव्हता, टायरची भिंत कापलेली नव्हती. ताईंची सायकल रिम-ब्रेकची होती म्हणून हे जमले. डिस्क असती तर दुसऱ्या कोणाचे पुढचे चाक मागून घ्यावे लागले असते.

ही परीक्षा डाव्या-उजव्या वाकापुरतीच. समोरचा धक्का चिमट्याला मागे ढकलतो, त्याचा तपास वेगळा. ताईंचा चिमटा कार्बनचा, फ्रेम ॲल्युमिनियमची. जुना लोखंडी चिमटा मागे वाकला की बाजूने उभे राहिल्यावर डोळ्यालाच कळते: हेडच्या रेषेपासून पाते मागे गेलेले असते आणि पायाचा चवडा चाकाला लागू लागतो. कार्बन असा वाकून राहत नाही. एक तर तो सगळे सोसून होता तसा राहतो, नाही तर आतून तुटतो. आणि तो सोसून गेला, की धक्का मागच्या ॲल्युमिनियमकडे जातो. म्हणून पहिले बोट ठेवले ते खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखाली, हेडच्या सांध्यामागे चार बोटांच्या पट्ट्यात. समोरून जबर बसले तर सुरकुती तिथे पडते, आणि ती वरून कधीच दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसून, टॉर्च नळीला समांतर धरून आडवा उजेड पाडला. सपाट नळीवर उजेड सलग सरकतो, सुरकुती असली तर सावलीची रेघ उठते. रेघ नव्हती. वरच्या नळीवरही नव्हती. सांध्यांच्या कडेला रंगाचे बारीक पोपडेही नव्हते. रंग ताणला गेला की आधी तो फुटतो, म्हणून तिथे नखाने पाहिले.

वरच्या नळीच्या डाव्या अंगाला मात्र नखाएवढा रंग उडाला होता. हँडल पूर्ण फिरले की खालच्या मुठीचे टोक तिथे येऊन आपटते. बोट फिरवले, खळगा लागला नाही. ॲल्युमिनियमच्या नळीच्या मध्यावर असा नुसता डाग, किंवा धारदार घडी नसलेला उथळ पोचासुद्धा मी चालवून घेतो. तोच सांध्याजवळ असता तर नाही. आणि फ्रेम कार्बनची असती तर हाच डाग घेऊन मी कोणाला पुढे जाऊ दिले नसते, कारण कार्बनची नळी उभ्या ताणाला दणकट असली तरी बाजूच्या टोल्याला दुबळी असते, आणि आतले थर सुटले तरी वरून रंगच काय तो उडालेला दिसतो.

आता चिमट्याची आतली दांडी. पुढचे चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. दांडी वाकली असेल तर एका जागी जड लागते आणि हेडखालची फट फिरवताना कमी-जास्त होते. सरळ धरल्यावर खाचेत अडकल्यासारखे वाटले तर छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात. दोन्ही नव्हते. तरी चिमटा उतरवला. ब्रेकची केबल सोडली, वरच्या टोपीचा बोल्ट काढला, स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट ढिले केले की चिमटा खाली हातात येतो. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे लागतात, पण दांडी जिथे चिमट्याच्या माथ्याला मिळते ती जागा बाहेरून दिसूच शकत नाही, आणि समोरच्या धक्क्याचा सगळा पीळ तिथेच येतो. पुसून पाहिले. कापूस फिरवला, तंतू अडकला नाही. मग नाण्याने दोन्ही पात्यांवर वरपासून खालपर्यंत टकटक. टणटणीत आवाज चांगला, मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटले असण्याची शंका. पण आत धातूचा तुकडा बसवलेला असतो तिथे आवाज आपोआप बदलतो, म्हणून डावे आणि उजवे पाते एकाच उंचीवर वाजवून जोडीने ऐकायचे. आवाज जुळले. नाण्याची परीक्षा संशय पक्का करायला बरी, निर्दोष ठरवायला पुरी पडत नाही. तसे ताईंना सांगितलेही.

चिमटा परत चढवताना आधी टोपीचा बोल्ट हलका, छर्ऱ्यांतली खडखड जाईल इतकाच, आणि नंतर स्टेमचे बोल्ट. उलट केले तर खेळ तसाच राहतो.

राहिले हँडल. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले ते ॲल्युमिनियमचे हँडल वरून सरळ वाटत होते. स्टेम चाकाच्या रेषेतून थोडा फिरला होता आणि डावा हूड आत वळला होता. ही दोन्ही लक्षणे मला आवडतात, कारण फिरण्यात बराच जोर खर्ची पडतो. पण हूड का फिरला ते टेपखालीच कळते. डाव्या बाजूची टेप उलगडली. हूडच्या पट्ट्याने नळीत आडवी खाच पाडली होती, नख अडकेल इतकी खोल. मोजपट्टीने स्टेमच्या मध्यापासून खालच्या मुठीच्या टोकापर्यंतचे अंतर घेतले. डावीकडचे उजवीपेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर कमी. हँडल आत दबले होते.

"हे बाद."

"काका, वरपर्यंतच तर जायचंय. चढच आहे, हळूहळू जाते."

चढावर वेग नसतो, पण हँडलवर सर्वांत जास्त ओढ चढावरच येते. सीटवरून उठून पेडल मारताना माणूस एकेका पायागणिक एक मूठ ओढतो आणि दुसरी दाबतो. वाकलेल्या ॲल्युमिनियमला प्रत्येक ओढीबरोबर खाचेच्या टोकापासून तडा पुढे सरकवायला वाव मिळतो. तो किती सरकला ते बाहेरून कळत नाही, आणि हँडल तुटते तेव्हा आधी इशारा न देता, एकदम तुटते. हातात मूठ राहते, ब्रेकची केबल लोंबते. सरळ करून बघा, असे कोणी तरी सुचवले. ॲल्युमिनियमचे हँडल सरळ करणे म्हणजे त्याला त्याच जागी दुसऱ्यांदा वाकवणे. लोखंडी फ्रेमला मी हा उपाय करतो, हँडलला कधीच नाही.

सायकल टेम्पोत चढली. ताई थोड्या रागावून पुढच्या सीटवर बसल्या.

दुपारी १:००. पाचगणी. जेवण. एक पंक्चर, एक सैल पेडल.

संध्याकाळी ६:००. महाबळेश्वरात मुक्कामाच्या अंगणात ताईंच्या सायकलला दोरी लावली. मागच्या एका खाचेत दोरी बांधून ती हेडला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायची, ताणून बांधायची आणि दोन्ही बाजूंना सीटच्या नळीपासून दोरीचे अंतर मोजायचे. दोन मिलिमीटरच्या आत फरक निघाला, तो चालतो. यातून मागचा भाग तिरका नाही एवढेच कळते. हेड मागे दबले आहे की नाही ते दोरी सांगत नाही, त्यासाठी सकाळचा आडवा उजेडच खरा. रंग उडालेल्या डागाभोवती आणि खालच्या नळीच्या सांध्यापाशी बारीक पेनाने खुणा करून ठेवल्या. पंधरा दिवसांनी तिथे रेघ उठलेली दिसली, तर फ्रेम बाद.

७:३०. ताईंच्या हातात चिठ्ठी दिली: नवे हँडल, स्टेमच्या तोंडाचे चार बोल्ट आळीपाळीने, वर-खाली फट सारखी ठेवून, स्टेमवर छापलेल्या मापाइतकेच, या स्टेमला ५ न्यूटन-मीटर. चिमटा दुकानात पुन्हा एकदा उतरवून भरपूर उजेडात बघणे. हेल्मेट आपटले नाही, तेव्हा बदलायची गरज नाही.

८:००. बाद हँडल करवतीने मधोमध कापले. नुसते वाकलेले ठेवले असते तर भंगारातून कोणी तरी उचलून टेप गुंडाळून बसवले असते. दोन्ही तुकडे भंगाराच्या पोत्यात टाकले. उद्या उतार आहे, म्हणून आता सगळ्यांची ब्रेकची रबरे बघायला घेतली.