दोन सेकंदांची उडी

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार नेहमीची. मनगटावरचं घड्याळ काढून गिऱ्हाईक काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "काटा उड्या मारतोय हो. एक सेकंद थांबतो, मग एकदम दोन घरं पुढे जातो." घड्याळजी घड्याळ उचलतो, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. वेळ बरोबर असते. मग तो मागचं झाकण उघडून सेल बदलतो आणि काटा पुन्हा शहाण्यासारखा एकेक घर चालू लागतो.

ही उडी म्हणजे बिघाड नव्हे. घड्याळ बनवणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते. मात्र तिचा अर्थ लागायचा तर आधी काटा एरवी एकेक घर का चालतो, तेच पाहावं लागतं.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. समुद्रकाठच्या वाळूत जे सिलिका असतं तेच इथे, फक्त नीटस स्फटिकाच्या रूपात. घड्याळासाठी खाणीतली गारगोटी सहसा घेत नाहीत. जाड पोलादी भांड्यांत, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत हा स्फटिक वाढवतात. त्याच्या पातळ कापातून दोन पायांचा एक चिमुकला चिमटा कोरतात. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आठवा, अगदी तोच आकार, पण लांबी जेमतेम काही मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या नळीत तो निर्वात जागेत बंद केलेला असतो, म्हणजे हवेचाही अडथळा नको.

आता गारगोटीच का, लोखंड का नाही? कारण गारगोटीला एक खोड आहे. ती दाबली किंवा वाकवली की तिच्या पृष्ठभागावर विजेचा भार उमटतो. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये हे दाखवून दिलं. (पिएर पुढे रेडियममुळे जगाला माहीत झाले.) स्वयंपाकघरातला खटका दाबायचा गॅस लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो, फक्त त्यात गारगोटीऐवजी चिनीमातीच्या जातीचा एक खास पदार्थ असतो. ही खोड उलट्या बाजूनेही चालते: गारगोटीला वीज दिली की ती किंचित वाकते.

घड्याळातली चिप याच दुहेरी स्वभावाचा फायदा घेते. ती चिमट्याला विजेचा हलका धक्का देते, चिमट्याचे पाय थरथरतात, त्या थरथरीतून बारीकशी वीज परत येते, चिप ती वाढवून पुन्हा चिमट्यालाच देते. झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य क्षणी हात लावत राहावं, तसं. झोका किती वेळात पुरा होणार हे ढकलणारा ठरवत नाही, झोपाळ्याची दोरी ठरवते. इथेही वेग ठरतो तो चिमट्याच्या आकारावरून आणि जाडीवरून. कारखान्यात पायांच्या टोकांवर सोन्याचा पातळ थर देतात आणि लेझरने तो कणाकणाने उडवत चिमट्याचा 'सूर' लावतात. तो सूर असतो सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा.

आकडा विचित्र वाटतो, पण तो निम्मा करत जाऊन पाहा. १६,३८४. मग ८,१९२. मग ४,०९६. असं पंधरा वेळा केलं की उरतो नेमका १. चिपमध्ये पंधरा साध्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी आलेल्या दर दोन ठोक्यांपैकी एकच पुढे सोडते. शेवटच्या पायरीतून सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो. चिमटा याहून हळू थरथरणारा घेतला तर तो आकाराने मोठा होतो, जास्त वेगाने थरथरणारा घेतला तर चिप जास्त वीज खाते. बहुतेक सगळ्या क्वार्ट्झ घड्याळांत आज हाच आकडा का दिसतो, त्याचं कारण या ओढाताणीत आहे.

सुरुवात मात्र याच आकड्याने झाली नव्हती. वॉरन मॅरिसन यांनी जे. डब्ल्यू. हॉर्टन यांच्यासह बेल प्रयोगशाळेत १९२७ मध्ये पहिलं क्वार्ट्झ घड्याळ चालवलं, ते मनगटावर बांधायच्या नव्हे, खोलीत ठेवायच्या आकाराचं होतं. मनगटापर्यंत यायला आणखी चार दशकं लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सैकोने 'ॲस्ट्रॉन' विक्रीला आणलं, किंमत साडेचार लाख येन. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरायचा आणि सेल साधारण वर्षभर चालायचा.

चिपमधून सेकंदाला एक ठोका निघाला, पण काटा हलवणार कोण? हे काम करणारी मोटर मारियुस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याने १९३० च्या दशकातच सुचवली होती. तांब्याच्या केसाहून बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी, आणि लोखंडी पट्टीच्या भोकात बसलेलं मोहरीएवढं लोहचुंबक. गुंडाळीतून काही हजारांश सेकंदापुरती वीज गेली की चुंबक अर्धा फेरा मारतं आणि थांबतं. पुढच्या सेकंदाला वीज उलट्या दिशेने जाते, म्हणून ते उरलेला अर्धा फेरा पुरा करतं. ते नेहमी एकाच दिशेने फिरावं म्हणून भोकाच्या कडेला दोन छोट्या खाचा असतात. त्यांच्यामुळे चुंबक किंचित तिरकं विसावतं आणि पुढचा धक्का त्याला कायम एकाच बाजूने लागतो. पुढे दातेरी चाकं ती गती तिसाव्या हिश्श्यावर आणतात. अर्ध्या फेऱ्याचे १८० अंश भागिले ३०, म्हणजे ६ अंश. तबकडीवरचं एक घर.

सेल इतका पुरतो याचं मूळ या मोटरीच्या आळशीपणात आहे. सेकंदातला जवळजवळ सगळा वेळ ती झोपलेली असते, आणि झोपेत तिला वीज लागत नाही, कारण चुंबक आपल्याच ओढीने जागेवर धरून राहतं. चिपही फारशी खात नाही. तिच्यातले खटके उघडतात-मिटतात तेव्हाच काय ती वीज लागते.

हिशेब करून पाहू. साध्या मनगटी घड्याळात सर्रास बसणाऱ्या ३७७ क्रमांकाच्या सेलची क्षमता सुमारे २६ मिलिअँपिअर-तास असते. काट्यांचं साधं घड्याळ सरासरी एक मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे मिलिअँपिअरचा हजारावा भाग, प्रवाह घेतं. भागाकार येतो २६,००० तास, जवळजवळ तीन वर्षं. सेल भरभक्कम असतो म्हणून हे घडतं असं समजू नका. त्यातली सगळी ऊर्जा घरातल्या नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला दिली, तर दिवा साधारण सोळा सेकंद जळेल.

आता ती उडी. मनगटी घड्याळातला चांगला सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. त्याचा दाब जवळजवळ आयुष्यभर १.५५ व्होल्टवर टिकतो आणि अखेरीस झपाट्याने घसरतो. ती घसरण चिपला कळते. मग ती एकेका सेकंदाला एक ठोका देणं थांबवते. एक सेकंद गप्प राहून दोन ठोके पाठोपाठ सोडते. जपानी यंत्रांत सहसा अशी दोन सेकंदांची उडी दिसते, अनेक स्विस यंत्रांत चार सेकंदांची. ठोक्यांची एकूण संख्या तीच राहते, म्हणून वेळ चुकत नाही. प्रकाशावर चार्ज होणाऱ्या घड्याळांतही दोन सेकंदांची उडी असते. तिथे तिचा अर्थ एवढाच की घड्याळ उन्हात ठेवा. ही सोय सगळ्याच घड्याळांत नसते. स्वस्तातली घड्याळं न सांगताच बंद पडतात.

सेल बदलून चार-सहा महिन्यांतच काटा पुन्हा उड्या मारू लागला, तर घड्याळाला दोष देण्याआधी सेलवरची अक्षरं वाचावीत. 'एसआर'ने सुरू होणारं नाव सिल्व्हर ऑक्साइडचं, 'एलआर'ने सुरू होणारं अल्कलाइनचं. दोन्ही मापाने सारखे, दुसरा स्वस्त. पण अल्कलाइनचा दाब पहिल्यापासून हळूहळू उतरत जातो, आणि बरीचशी वीज शिल्लक असतानाच चिप तो संपला असं समजते.

उडीपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे जागच्या जागी तडफडणारा काटा. भिंतीवरच्या घड्याळात हे अनेकांनी पाहिलेलं असतं: पेन्सिल सेल मरायला टेकला की सेकंदकाटा नऊच्या आकड्याजवळ अडकतो आणि तिथेच थरथरत राहतो. नऊच का? कारण तिथे काटा आडवा असतो आणि त्याला वर चढायचं असतं. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सगळ्यात जास्त जोर नेमका तिथेच लागतो. यात आणखी एक गंमत आहे. एका ठोक्याला चुंबक फिरलं नाही, तर पुढचा ठोका उलट दिशेचा येतो आणि ते जिथे आहे तिथेच त्याला दाबून धरतो. म्हणजे एक पाऊल हुकलं की दुसरंही आपोआप वाया. अशा वेळी घड्याळ एकेका नव्हे, दोन-दोन सेकंदांनी मागे पडतं. नव्या सेलनंतरही काटा असाच तडफडत असेल, तर दोष चाकांमधल्या धुळीचा किंवा वाळून चिकट झालेल्या तेलाचा असतो. नव्या चिपा मात्र चुंबक खरंच फिरलं का हे तपासतात, आणि नसेल तर लगेच जास्त जोराचा ठोका देतात. त्यामुळे एरवी अगदी कमी जोरावर भागतं आणि सेल आणखी पुरतो.

काटा एक गोष्ट मात्र सांगत नाही: खुद्द चिमटा किती खरा आहे ते. चिमटा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात वेगाने थरथरतो. त्याहून उकडलं तरी तो मंदावतो आणि गारठलं तरी मंदावतो. दहा अंशांचा फरक पडला तर दिवसाला सुमारे ०.३ सेकंद मागे. फरक दुप्पट झाला की चूक चौपट होते. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना पोचलेल्या खोलीत पडून राहिलेलं घड्याळ दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास गमावतं. मनगटावर तेच घड्याळ बरं चालतं, कारण अंगाची ऊब त्याला तिशीच्या आसपास सांभाळते.

उरलेली चूक कारखाना वेगळ्या युक्तीने काढतो. चिमटे मुद्दाम किंचित जलद ठेवतात आणि चिपला ठरावीक काळाने काही कंपनं न मोजता सोडून द्यायला शिकवतात. कुठे दर दहा सेकंदांनी, कुठे दर मिनिटाला. त्यामुळे एखादा सुटा सेकंद मोजला तर घड्याळ पुढे जातंय असं वाटू शकतं, आणि पूर्ण मिनिट मोजलं तर ते नेमकं भरतं. घाईतल्या गिऱ्हाइकाने कितीही भुणभुण केली, तरी जाणता घड्याळजी घड्याळ तपासणी यंत्रावर पूर्ण साठ सेकंद ठेवतो, मगच आकडा वाचतो.