आकडे रांगेत, चिन्हं सायडिंगला

किराणा दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ असं दाबत गेलं, तर बहुतेक वेळा उत्तर २० येतं. मोबाइलवर तेच टाइप केलं तर १४. दुकानातलं यंत्र बिघडलेलं नसतं. बटणं दाबली जातील तसा ते हिशेब उरकत जातं. गुणाकाराचं बटण दाबताच ते आधीच्या बेरजेचे ५ करून टाकतं आणि मग त्यांना ४ ने गुणतं. मोबाइल मात्र धीर धरतो. अधिकचं चिन्ह दिसलं तरी तो लगेच बेरीज करत नाही, कारण पुढे गुणाकार निघू शकतो. यंत्राला हा धीर कसा शिकवायचा, याचं उत्तर ‘डेटा स्ट्रक्चर्स’च्या वहीतल्या ‘इनफिक्स टू पोस्टफिक्स’ या उदाहरणात आहे.

आपण चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये लिहितो: ७ - ५. ही झाली इनफिक्स मांडणी. पोस्टफिक्समध्ये चिन्ह दोन्ही आकड्यांच्या नंतर येतं: ७ ५ -. वाचायला विचित्र, पण तिचा फायदा मोठा आहे. तिथे कंस लागत नाहीत आणि कोणती क्रिया आधी करायची हा प्रश्नच उरत नाही. चिन्ह समोर आलं की ते लगेच वापरायचं. १९२४ च्या सुमारास पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी चिन्ह आकड्यांच्या आधी लिहिण्याची पद्धत सुचवली होती. ही तिची उलटी बाजू, म्हणून तिला ‘रिव्हर्स पोलिश’ असंही म्हणतात. १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर हिशेब याच क्रमाने भरावा लागे. त्यावर ‘बरोबर’चं बटणच नव्हतं.

आता आपली मांडणी या मांडणीत बदलायची कशी? नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या आसपास, अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर तयार करताना, यासाठी एक रीत बसवली. तिचं नाव ‘शंटिंग यार्ड’, रेल्वेचे डबे मागेपुढे करून नवी गाडी जुळवतात ती जागा. सरळ रुळावर जो डबा आधी आला तोच आधी पुढे जातो. हा क्यू, म्हणजे रांग. बाजूला एका टोकाने बंद असलेलं सायडिंग असतं. तिथे शेवटी ढकललेला डबाच आधी बाहेर येतो, हा स्टॅक. स्टॅकमध्ये घालण्याला पुश आणि काढण्याला पॉप म्हणतात.

सगळी रीत एका निरीक्षणावर उभी आहे. मांडणी बदलली तरी आकड्यांचा आपसातला क्रम कधीच बदलत नाही. जागा बदलतात त्या फक्त चिन्हांच्या. म्हणून आकडे आले की थेट उत्तराच्या रांगेत जातात आणि चिन्हं सायडिंगला थांबतात. ती किती वेळ थांबतात, हे पुढच्या चिन्हावर ठरतं. नव्या चिन्हाचा मान स्टॅकच्या टोकावरच्या चिन्हापेक्षा जास्त असेल, तर नवं त्याच्या वर चढतं. टोकावरच्याचा मान जास्त किंवा बरोबरीचा असेल, तर आधी ते बाहेर पडतं आणि पुन्हा नव्या टोकाशी तुलना होते. उघडणारा कंस स्टॅकमध्ये नुसता बसतो आणि त्याच्या वरच्यांना खाली पाहू देत नाही. बंद होणारा कंस आला की उघडणाऱ्या कंसापर्यंतची सगळी चिन्हं बाहेर येतात आणि दोन्ही कंस टाकून दिले जातात.

एक उदाहरण पूर्ण सोडवू:

```
२० - ४ × (७ - ५) - ३
```

२० रांगेत जातात, वजाबाकी स्टॅकमध्ये. ४ रांगेत. गुणाकार वजाबाकीपेक्षा मानाने मोठा, म्हणून तो तिच्यावर चढतो. मग कंस, ७, कंसातली वजाबाकी आणि ५. या घडीला रांगेत २० ४ ७ ५ आहेत आणि स्टॅकमध्ये खालून वर वजाबाकी, गुणाकार, कंस, वजाबाकी. कंस बंद होताच त्यातली वजाबाकी रांगेत जाते. पुढे शेवटची वजाबाकी येते. टोकावरचा गुणाकार तिच्याहून मोठा, तो बाहेर पडतो. खालची वजाबाकी तिच्या बरोबरीची, तीही बाहेर पडते. मग नवी वजाबाकी आत बसते, ३ रांगेत जातात आणि शेवटी स्टॅक रिकामा केला जातो:

```
२० ४ ७ ५ - × - ३ -
```

याचं उत्तर काढायला पुन्हा स्टॅकच लागतो, पण आता त्यात आकडे जातात. चिन्ह आलं की वरचे दोन आकडे काढायचे, क्रिया करायची, उत्तर परत ठेवायचं. २०, ४, ७, ५ आत गेले; पहिल्या वजाबाकीने ७ - ५ = २, मग ४ × २ = ८, मग २० - ८ = १२, शेवटी १२ - ३ = ९. इथे एक खाचखळगा आहे: स्टॅकमधून आधी निघणारा आकडा चिन्हाच्या उजवीकडचा असतो. ते विसरलं की ७ - ५ चं ५ - ७ होतं. बेरीज-गुणाकारात ही चूक लपते, वजाबाकी-भागाकारात उघडी पडते.

खरी गोची बरोबरीच्या चिन्हांची. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ अक्षरशः घेतलं, तर बेरीज वजाबाकीच्या आधी करावी असं वाटतं आणि १० - ३ + २ चं उत्तर ५ येतं. बरोबर उत्तर ९, कारण दोघींचा मान सारखाच आहे आणि सारख्या मानाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करायच्या असतात. आपल्या रीतीतला ‘किंवा बरोबरीचा’ हा शब्दप्रयोग तेवढ्यासाठीच आहे. तो गाळला, तर वरच्या उदाहरणात पहिली वजाबाकी स्टॅकमध्येच अडकून राहते:

```
२० ४ ७ ५ - × ३ - -
```

याचं उत्तर ९ ऐवजी १५ येतं, कारण यंत्राने २० मधून ८ - ३ वजा केले. घातांकाचं मात्र उलटं. २ ^ ३ ^ २ हे गणितात उजवीकडून सोडवतात, म्हणजे २ चा नववा घात, ५१२. डावीकडून सोडवलं तर ६४ येतात. म्हणून घातांकासमोर बरोबरीचा घातांक असेल तर आधीच्याला बाहेर काढायचं नाही.

कंसांच्या चुका ही रीत स्वतःच पकडते. बंद होणारा कंस आला आणि स्टॅक रिकामा होईपर्यंत जोडीदार सापडला नाही, तर तो कंस जास्तीचा आहे. शेवटी स्टॅकमध्ये उघडणारा कंस उरला, तर कुठेतरी एक बंद करायचा राहिला. ऋण आकड्यांची सोय मात्र तिच्यात आपोआप नाही. ४ × -३ मध्ये ती उण्याला वजाबाकी समजते, गुणाकाराला बाहेर काढते आणि उत्तर काढताना गुणाकाराला एकच आकडा मिळतो. म्हणून सुरुवातीला, दुसऱ्या चिन्हानंतर किंवा उघडणाऱ्या कंसानंतर आलेलं उणे हे वेगळं चिन्ह म्हणून ओळखावं लागतं.

वहीत पोस्टफिक्स लिहून झाल्यावर दोन गोष्टी चटकन तपासता येतात: आकडे मूळच्याच क्रमात आहेत का, आणि चिन्हं आकड्यांपेक्षा एकाने कमी आहेत का. वर पाच आकडे, चार चिन्हं. पण १५ देणारी चुकीची मांडणीही या दोन्ही कसोट्यांना उतरते. म्हणून तिसरी तपासणी टाळू नये: अक्षरांच्या जागी आकडे घालून दोन्ही मांडण्यांचं उत्तर काढावं, आणि त्या उदाहरणात निदान दोन वजाबाक्या लागोपाठ असाव्यात.