पाचव्यापासून पहिल्यापर्यंत

‘प्राण्यांच्या पाच अजब गोष्टी’ असा चाळीस सेकंदांचा शॉर्ट करायचा आहे. यादी तयार आहे: ऑक्टोपसला तीन हृदये असतात, फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, हमिंगबर्ड मागेही उडतो, जिराफाच्या मानेत माणसाइतकेच, सातच मणके असतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅटची विष्ठा चक्क घनाकृती असते.

वॉम्बॅट शेवटी, हे उघड आहे. खरा प्रश्न पाचव्या क्रमांकाचा असतो. उलटी मोजणी म्हणून तिथे सर्वांत फिकी गोष्ट टाकली, तर बघणारा पहिल्याच झटक्यात पुढे सरकतो. म्हणून तिथे दुसरी दमदार गोष्ट हवी: ऑक्टोपस. फ्लेमिंगो आणि हमिंगबर्ड मधे भरभर उरकायचे. जिराफ दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे शेवटाआधी उत्सुकता पुन्हा चढते.

आता वेळ. सुरुवातीला तीन सेकंद, पहिल्या चार गोष्टींना मिळून पंचवीस, वॉम्बॅटला बारा. त्या बारातले दोन-तीन सेकंद नाव सांगण्याआधीच्या उत्कंठेचे. पडद्यावर आकडा सतत दिसू द्यावा. किती उरले हे कळले की माणूस थांबतो. मात्र पहिल्याच चित्रात वॉम्बॅट दिसला, तर सारे मुसळ केरात.

चूक कुठे झाली, हे प्रेक्षक टिकण्याचा आलेख सांगतो. तिसऱ्या क्रमांकावर रेघ एकदम घसरली, तर ती गोष्ट बदला किंवा छाटा. आणि विष्ठेचा आकार सांगून झाला की लगेच थांबा. ‘सबस्क्राइब करा’ची आर्जवे ऐकायला कुणी उरत नाही.