दहा मुलं, तीन पदार्थ आणि एक सांदण

मुलांच्या वाढदिवसाचा बेत ठरायला बसला की पदार्थ वाढतच जातात. वेफर्स तर हवेतच. मग समोसे, मग पास्ता, मग आजीला वाटतं थोडा पुलाव तरी असावा. पार्टी संपते तेव्हा अर्धा पास्ता डिशमध्ये असतो आणि केकवरचं क्रीम तेवढं चाटून स्पंज तसाच टाकलेला असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला संध्याकाळी पाच ते सात या वेळात पंगतीसारखं बसून जेवायचं नसतंच. ते खेळातून धावत येतं, एक उचलतं, तोंडात टाकतं आणि पळतं. बेत या सवयीवरून ठरवावा. पदार्थ चिमुकल्या हातात मावणारा, दोन घासांत संपणारा, सॉस न लावताही चवीला लागणारा आणि गार झाला तरी खाववणारा हवा. ही चाळणी लावली की नूडल्स, पावभाजी, दहीवडे सगळे आपोआप गळून पडतात.

उदाहरण म्हणून मे महिन्यातला सातवा वाढदिवस घेऊ. सुट्टीत निम्मा वर्ग गावाला गेलेला असतो, त्यामुळे दहाच मुलं येणार. तिखटमिठाचे तीन पदार्थ पुरेत: मूगडाळीचे आप्पे, चटणी सँडविच आणि कोथिंबीर वडी. गोड म्हणून केकच्या जागी आंब्याचं सांदण. प्यायला पन्हं.

हिशेब वाट्यांत करण्यापेक्षा नगांत करावा. या वयाचं मूल साधारण सहा-सात नग खातं, त्यावर गोडाचा एक तुकडा. म्हणजे तीस आप्पे, सँडविचचे पंचवीस-तीस त्रिकोण आणि वीस-पंचवीस वड्या. दहा मुलांना इतकं भरपूर झालं. मुलांना सोडायला आलेले आईबाबा आणि घरची मंडळी यांचा हिशेब मात्र वेगळा धरा. ते ‘आम्हाला काही नको’ म्हणतात आणि वड्या संपवतात.

वडीबद्दल फार सांगायला नको, ती घरोघरी होते. वाढदिवसापुरतं लक्षात ठेवायचं एवढंच की उंडे आदल्या दिवशी वाफवून, पूर्ण गार करून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. कोमट उंडा कापला की वडीचा भुगा होतो, फ्रिजमधला सुरीखाली सरळ कापला जातो. तळणं पाहुणे यायच्या अर्धा तास आधी. सँडविचसाठी आठ सँडविच, म्हणजे सोळा स्लाइस लागतात. कडा काढून प्रत्येकाचे चार त्रिकोण केले की बत्तीस होतात. ब्रेडच्या दोन्ही बाजूंना लोणी पातळ का होईना पण काठापर्यंत लावा, कारण चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरू न देण्याचं काम तेच करतं. चटणी घट्ट करायला शेंगदाण्याऐवजी डाळं घाला. काही मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते आणि चटणीतला दाणा दिसत नाही.

आता आप्पे. बेतातला पौष्टिक पदार्थ म्हणजे काकडी-गाजराचे काप आणि कोपऱ्यातली फळांची डिश, असा समज आहे. ती डिश शेवटपर्यंत भरलेलीच राहते. पौष्टिक पदार्थ खाल्ला जावा असं वाटत असेल तर तो गरम, खमंग आणि सगळ्यांत आधी समोर यायला हवा. खेळून दमलेली मुलं पहिल्या पंधरा मिनिटांत समोर येईल ते खातात, त्यानंतर निवड सुरू होते. म्हणून आप्पे पहिल्यांदा वाढायचे आणि वड्या, सँडविच त्यानंतर बाहेर काढायच्या. ‘हे पौष्टिक आहे हं’ हे वाक्य मात्र मुलांसमोर उच्चारू नका.

दीड वाटी पिवळी मूगडाळ आणि अर्धी वाटी तांदूळ चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळून, आल्याच्या तुकड्याबरोबर शक्य तितक्या कमी पाण्यात घट्ट वाटा. या पिठाला आंबवण्याची गरज नाही, पण मग हलकेपणा कुठून येणार? तो फेटण्यातून येतो. वाटलेलं पीठ हाताने एकाच दिशेने चार-पाच मिनिटं फेटलं की त्यात हवा धरली जाते आणि रंग किंचित फिकट होतो. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब सोडून पाहा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेटा. मीठ, किसलेलं गाजर आणि बारीक चिरलेला पालक आप्पे करायला घेताना घाला, आधी घातलं तर मिठाने भाजीला पाणी सुटतं आणि पीठ सैल पडतं.

बिघडतं ते बहुतेक आचेमुळे. आप्पेपात्र चांगलं तापवून प्रत्येक खळग्यात दोन-तीन थेंब तेल सोडावं, पीठ पाऊण खळगा भरावं आणि लगेच आच मंद करून झाकण ठेवावं. आच मोठी राहिली तर बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा आप्पा होतो. कच्च्या मूगडाळीचा उग्र वास मुलांना पहिल्या घासात कळतो आणि मग दुसरा आप्पा कुणी घेत नाही. कडा सुटू लागल्या की सळईने उलटावा. मधोमध खुपसलेली सळई कोरडी निघाली की काढावा. सात खळग्यांच्या पात्रात तीस आप्प्यांना पाच घाणे लागतात, म्हणजे साधारण पाऊण तास. पाहुणे पाचला येणार असतील तर सव्वाचारला पात्र गॅसवर हवं. पाहुण्यांत जैन कुटुंबातलं मूल असेल तर गाजर आणि आलं वगळून दुधी किसून घाला. हे निमंत्रण देतानाच विचारून ठेवावं, तेव्हाच अॅलर्जीचंही विचारून होतं.

केकऐवजी सांदण का? कारण ते केकसारखं दिसतं, कापता येतं, मेणबत्त्या पेलतं आणि तरी अंडं, मैदा, क्रीम यांपैकी काहीच त्यात नसतं. सांदण मूळचं कोकणातलं, बरक्या फणसाच्या रसाचं. आंब्याचं त्याच रीतीने होतं. एरवी ते इडलीपात्रात लावतात, आपण ते कुकरच्या दोन डब्यांत लावून एकावर एक ठेवणार आहोत.

दोन वाट्या तांदळाचा रवा दोन चमचे तुपावर मंद आचेवर भाजून गार करा. रवा तांबूस करायचा नाही, हाताला कोरडा आणि सुटा लागला की पुरे. इडलीचा रवाही चालतो. त्यात दोन वाट्या हापूसचा रस, एक वाटी नारळाचं दूध, पाऊण वाटी साखर आणि चिमूटभर मीठ घालून तासभर झाकून ठेवा. पायरीचा रस पातळ असतो, तो वापरला तर नारळाचं दूध थोडं हात राखून घाला. तासाने रवा फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं. ते इडलीच्या पिठाइतकं सैल करून घ्या आणि वाफवायला ठेवण्याच्या अगदी क्षणी अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घालून हलकं ढवळा. आंब्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की लगेच बुडबुडे सुटतात. मिश्रण तसंच दहा मिनिटं ठेवलं तर ते बुडबुडे वाया जातात आणि सांदण दडदडीत होतं. जास्त फुगावं म्हणून सोडा वाढवू नका. रंग काळपट होतो आणि साबणासारखी चव येते.

दोन्ही डब्यांना तूप लावून मिश्रण जेमतेम निम्म्यापर्यंत भरा. जाड थर दिला की कडा शिजतात आणि मध्य चिकट राहतो, म्हणून एका डब्यात सगळं न लावता दोन डबे. कुकरची शिट्टी काढून वीस मिनिटं वाफवा. डब्यांवर ताटली झाकायला विसरू नका, नाहीतर झाकणावरची वाफ थेंब थेंब पडून वरचा थर ओला होतो. सुरी मधोमध घालून स्वच्छ निघाली की गॅस बंद. गरम सांदण डब्यातून काढायला गेलात तर तुकडे पडतील, तासभर थांबा.

दोन थरांच्या मध्ये मोदकाचं सारण घालायचं. वाटीभर ओलं खोबरं आणि अर्धी वाटी गूळ, थोडी वेलची. सारण नेहमीपेक्षा थोडं ओलसर ठेवा, म्हणजे वरचा थर घसरत नाही. वरून आंब्याच्या फोडी आणि थोडी टुटीफ्रुटी. एवढ्यावर मुलं खूश असतात.

सांदणाच्या वेळेबाबत मात्र हयगय नको. ते आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर तांदूळ कडक होतो, तसा फ्रिजमधला भात होतो. आणि सकाळीच करून मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर ठेवलं तर नारळामुळे आंबण्याची भीती. म्हणून रस-रवा दोनला कालवा, तीनला वाफवा, साडेचारला डब्यातून काढा, सव्वापाचच्या सुमारास सारण भरा आणि सहाला कापा. सुरीला तूप लावून घ्या, म्हणजे तुकडे सुबक पडतात. मेणबत्त्या सांदण पूर्ण गार झाल्यावरच खोचा, कोमट असेल तर त्या कलतात. खरं तर एका वाटीत छोटं सांदण वेगळं वाफवून मेणबत्ती त्यावर लावावी. औक्षण झालं की फुंकर तिथेच मारू द्यावी आणि मोठं सांदण न फुंकता सगळ्यांना वाटावं. दहा तोंडं एकाच केकवर वाकलेली पाहिली की मला ही सोय फार पटते.

एक गोष्ट सजावटीबद्दल. पाहुण्या मुलांबरोबर दोन-तीन वर्षांची धाकटी भावंडं येतातच. त्यांच्या हाती लागेल अशा जागी अख्खी द्राक्षं, दाणे किंवा पॉपकॉर्न ठेवू नका, ते घशात अडकतात. द्राक्षं ठेवायचीच तर उभी चिरून चार तुकडे करा. त्रिकोणी सँडविचना टूथपिक टोचणं छान दिसतं, पण धावणाऱ्या मुलाच्या हातात टोकदार काडी नको.

वाढदिवस आंब्याच्या मोसमाबाहेर असेल तर डब्यातला रस चालतो, मात्र त्यात आधीच साखर असते म्हणून आपली साखर निम्मी करा. आणि वाढदिवस श्रावण-भाद्रपदात असेल तर सांदण सोडून तवशाचं धोंडस करा. मोठी काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचा हा कोकणी केक पूर्वी खाली-वर निखारे ठेवून भाजत, आता ओव्हनमध्ये होतो. काकडी किसून सुटलेलं पाणी फेकू नका, रवा त्यातच भिजवायचा असतो.