मामाच्या लग्नासाठी दोन दिवस

‘घरी लग्न असल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी’ असा अर्ज मुलं आणतात, आणि मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न पडतो तो कोणते दोन दिवस हा. रजेच्या अर्जाचा खरा कणा तारखा आहेत, कारण वर्गशिक्षकांना त्या हजेरीपटाशी ताडून पाहायच्या असतात.

समजा, आठवीतल्या मुलीच्या सख्ख्या मामाचं लग्न साताऱ्याला आहे. गुरुवारी हळद, शुक्रवारी लग्न. मग ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’ आणि विषयाची ओळ झाली, की मजकूर एवढाच हवा:

‘माझ्या मामाचा विवाह सातारा येथे असल्याने मी गुरुवार दि. ११ व शुक्रवार दि. १२ डिसेंबर असे दोन दिवस शाळेत उपस्थित राहू शकणार नाही. तरी मला रजा मंजूर करावी, ही विनंती. शनिवार दि. १३ रोजी मी शाळेत हजर राहीन. बुडालेला अभ्यास पूर्ण करीन.’

खाली नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि पालकांची सही. सही नसली तर अर्ज बहुधा परत येतो. शनिवारची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती नसली की दोन दिवसांची रजा रविवारला जोडून सोमवारपर्यंत लांबते, आणि शिक्षकांना ते ठाऊक असतं.

अर्ज चार-पाच दिवस आधी वर्गशिक्षकांकडे द्यावा. त्या दोन दिवसांत घटक चाचणी असेल, तर तसं अर्जातच लिहून ती नंतर घेण्याची विनंती करावी. लग्नाची तारीख घरात महिनाभर आधी ठरलेली असते, त्यामुळे परतल्यावर दिलेला अर्ज शिक्षकांना पटत नाही.