पाठीवरचा आकडा पॅव्हेलियनमधून वाचता येतो का?

नशिराबादची क्रिकेट खेळणारी पोरं बारावीनंतर जळगावच्या, नाहीतर भुसावळच्या कॉलेजात जातात आणि तिथून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. त्यामुळे समोरच्या संघातले चेहरे ओळखीचे असतीलच असं नाही. डीप मिडविकेटला कुणीतरी झेल घेतो, टाळ्या पडतात आणि गुणलेखक विचारतो, ‘कॅच कोणी पकडला?’ अशा वेळी उपयोगी पडतो तो पाठीवरचा आकडा. तो वाचता आला तर त्या मुलाचं नाव गुणपत्रिकेत बिनचूक लागतं. नाही वाचता आला तर अंदाजाने कुणाचं तरी लागतं. म्हणून कॉलेजची जर्सी निवडताना पहिला प्रश्न आकड्याचा असायला हवा.

आकडा किती मोठा हवा, याचं गणित डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरून काढता येतं. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ जेमतेम वाचता येते, तिच्या अक्षरांची उंची सुमारे ९ मिलिमीटर असते. म्हणजे दर मीटर अंतराला साधारण दीड मिलिमीटर. मोठ्या मैदानावर खेळपट्टीपासून सीमारेषा ६० ते ८० मीटरवर असते. आपण ७० मीटर धरू. तिथून वाचायला आकडा किमान १० सेंटिमीटर उंच लागतो. पण हे माप स्थिर तक्त्याचं आणि चांगल्या उजेडाचं आहे. खेळाडू पळत असतो, वाकतो, शर्टाला चुण्या पडतात, ऊन डोळ्यांवर येतं. म्हणून दुप्पट धरावं, म्हणजे २० सेंटिमीटर. २५ असेल तर आणखी चांगलं. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाठीवरचा आकडा २५ ते ३५ सेंटिमीटरचा सांगितला आहे, तो उगाच नाही. पलीकडच्या सीमारेषेवरचा, म्हणजे १२० मीटरवरचा क्षेत्ररक्षक मात्र २५ सेंटिमीटरच्या आकड्यानेही ओढूनताणूनच वाचला जाईल. ती मर्यादा मान्य करावी लागते, कारण ३५ सेंटिमीटरचा आकडा आणि वर नाव असं दोन्ही पाठीवर नीट बसत नाही. त्यातून क्रिकेटमध्ये शर्ट पँटमध्ये खोचतात. आकडा खाली सरकला तर त्याचा बुडखा पट्ट्याखाली जातो आणि आठाचं काहीतरी भलतंच दिसतं.

उंचीइतकीच महत्त्वाची असते आकड्यातली मोकळी जागा. ७० मीटरवर डोळ्याला जो सर्वांत बारीक तपशील वेगळा दिसतो, तो सुमारे दोन सेंटिमीटरचा. इंग्रजी ६ च्या वरच्या बाजूची फट त्याहून अरुंद असली की ६ आणि ८ सारखेच दिसतात. ३ आणि ८ चं तेच, ५ आणि ६ चंही तेच. आकड्याची रेघ उंचीच्या साधारण एक पंचमांश जाड आणि फटी दोन-तीन सेंटिमीटर मोकळ्या असाव्यात. तिरके, टोकदार, मधून चिरलेले फॉन्ट मोबाइलवर झकास दिसतात, पण मैदानात त्यांच्या फटी बुजतात.

आता रंग. कोणत्याही स्पर्धेत हमखास दिसणारे तीन नमुने घेऊ. पहिला, गडद नेव्ही ब्लू शर्टावर पांढरा आकडा. दुसरा, चमकदार निळ्यावर लाल आकडा आणि त्याला बारीक पांढरी किनार. तिसरा, पिवळ्या शर्टावर पांढरा आकडा, मागे तिरके पट्टे. दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजायचं एक गुणोत्तर आहे. तंतोतंत सारखे रंग असतील तर ते १ येतं, काळ्यावर पांढरं असेल तर २१. पडद्यावरच्या शुद्ध रंगांसाठी नेव्ही आणि पांढऱ्याचं गुणोत्तर १६ च्या आसपास येतं, निळ्या-लालचं जेमतेम २ आणि पिवळ्या-पांढऱ्याचं १ च्या थोडंसं वर. कापडावर हे आकडे थोडे हलतात, पण क्रम बदलत नाही.

दुसऱ्या नमुन्यात लोक फसतात. निळा आणि लाल हे जवळून अगदी वेगळे रंग, म्हणून आकडा उठून दिसेल असं वाटतं. पण लांबून बारीक आकार ओळखायला डोळा रंगापेक्षा उजेड-अंधाराच्या फरकावर अवलंबून असतो, आणि हे दोन्ही रंग गडदच आहेत. पांढऱ्या किनारीने थोडी सुटका होते, पण ती अर्धा सेंटिमीटरची असेल तर ७० मीटरवर विरघळून जाते. दीड-दोन सेंटिमीटरची हवी. तिसऱ्या नमुन्यात आकडा जवळजवळ नाहीच. शिवाय पट्टे आकड्याच्या रेघांत मिसळतात, आणि ११ चा १७ झाला तरी कळत नाही. याच पिवळ्यावर काळा आकडा टाकला तर गुणोत्तर १९ च्या वर जातं. म्हणजे दोष पिवळ्या रंगाचा नाही, जोडी चुकली.

शर्ट आणि मैदान यांच्यातला फरक ही वेगळी गोष्ट. खान्देशात दिवाळीनंतर मैदानावरचं गवत वाळून पिवळट होतं. त्यावर पिवळा किंवा खाकी संघ झटकन उठून दिसत नाही, नेव्ही किंवा मरून दिसतो. आणि दोन्ही संघ एकाच रंगाचे निघाले तर? २०१९ च्या विश्वचषकात ३० जूनला बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध भारताने नारिंगी जर्सी घातली, ती यजमानही निळ्यात होते म्हणून. कॉलेजांना दुसरा संच परवडत नाही. तेव्हा निदान स्पर्धेपूर्वी रंग एकमेकांना कळवावेत.

पांढऱ्या कपड्यांतल्या लाल चेंडूच्या सामन्यांनाही आकडा वर्ज्य नाही. १ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालेल्या ॲशेस मालिकेपासून कसोटी खेळाडूंच्या पाठीवरही नाव आणि आकडा आला. पांढऱ्यावर काळा किंवा नेव्ही आकडा घेतला की काम भागतं.

छपाई करणाऱ्याकडे जाताना एक गोष्ट माहीत असावी. सब्लिमेशनची शाई पारदर्शक असते, तिच्याने पांढरं छापता येत नाही. पांढरा आकडा म्हणजे पांढऱ्या कापडाचा न रंगवलेला भाग. त्यामुळे नेव्ही शर्टावर पांढरा आकडा हवा असेल तर अख्खा शर्ट पांढऱ्या पॉलिएस्टरवर छापून घ्यावा लागतो. आधीच रंगवलेल्या कापडावर आकडा वरून चिकटवतात, आणि काम हलकं असेल तर काही धुण्यांनंतर त्याला भेगा पडतात.

डिझाइन व्हॉट्सॲपवर आलं की लगेच ‘ओके’ म्हणू नये. मागची बाजू दहापट लहान करून कागदावर छापावी, म्हणजे ७० सेंटिमीटरचा शर्ट ७ सेंटिमीटरचा होईल. तो कागद जिमखान्याच्या भिंतीला चिकटवून सात मीटर मागे जावं. तिथून जे दिसतं तेच ७० मीटरवरून दिसणार. ६, ८, ३, ११ आणि १७ हे आकडे छापून, डिझाइन न पाहिलेल्या मित्राला वाचायला लावावेत. मग बारा मीटरवर जाऊन पुन्हा. त्याच कागदाचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करावा. आकडा पाठीत बुडाला तर रंगांची जोडी बदलावी.

जर्सी आधीच शिवून आली असेल आणि आकडा वाचता येत नसेल, तरी ती टाकून द्यायची गरज नाही. पट्ट्यांवर एका रंगाचा सपाट चौकोन लावून त्यावर विरोधी रंगाचा २० सेंटिमीटरचा आकडा चिकटवावा. फुटबॉलमध्ये पट्टेदार शर्टांना हाच उपाय सांगितला आहे. दिसायला तो थोडा ठिगळासारखा वाटेल, पण पुढच्या सामन्यात झेल ज्याने घेतला त्याच्याच नावावर लागेल.